धागा: आठ झाडांची साखर, CONFIDENCE.T आणि ०.०२ चे उत्तर

बागायती

नमस्कार. आमची निफाड तालुक्यात थॉमसनची द्राक्षबाग आहे. काढणीपूर्वी एका प्लॉटची सरासरी साखर किती आहे हे मला व्यापाऱ्याला सांगायचे आहे. प्लॉटची सरासरी किमान १७ ब्रिक्स असल्याशिवाय गाडी लावणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मी आठ झाडे निवडली, प्रत्येक झाडाचा एक घड घेतला, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर मण्यांचा रस तपासला आणि झाडागणिक एक आकडा लिहिला. आकडे असे आहेत: १७.२, १८.६, १६.८, १८.०, १७.५, १९.१, १६.४, १८.४. सरासरी १७.७५ येते.

नुसती सरासरी सांगण्याऐवजी ती किती इकडेतिकडे असू शकते हेही सांगावे, म्हणून मी एक्सेलमध्ये पुढील सूत्र घातले.

```
=CONFIDENCE.T(0.95,STDEV.S(B2:B9),8)
```

उत्तर ०.०२ आले. म्हणजे सरासरी १७.७३ ते १७.७७ यांच्या मधे आहे, असा मी अर्थ लावला. माझ्या मित्राने तेच आकडे घेऊन जुने CONFIDENCE वापरले, तर त्याला ०.६५ मिळाले. इतका फरक कसा पडतो, आणि आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?

दत्ताराम

तुमचे चुकले आहे आणि मित्राचे बरोबर आहे. पहिल्या जागी विश्वासाची पातळी द्यायची नसते. चुकण्याची जी शक्यता तुम्ही पत्करता ती तिथे द्यायची असते, म्हणून ९५ टक्क्यांसाठी 0.05 लिहावे लागते. तुम्ही 0.95 लिहिले, त्यामुळे एक्सेलने तुम्हाला फक्त ५ टक्के विश्वासाचा पट्टा दिला आणि तो साहजिकच केसाएवढा बारीक आला.

मित्राच्या ०.६५ वरून पट्टा १७.१० ते १८.४० असा होतो. याचा अर्थ तुमच्या बागेतल्या ९५ टक्के झाडांची साखर या दोन आकड्यांच्या मधे आहे. नमुना तिसाच्या आत असेल तर टी वापरावा असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते, पण आठ आणि तीस यांत व्यवहारात फार फरक पडत नाही.

रेवती सं.

दत्ताराम यांनी 0.95 ची चूक नेमकी पकडली आहे. मात्र त्यांच्या पुढच्या दोन्ही विधानांशी मी सहमत नाही, आणि का नाही हे बागायती यांच्याच आकड्यांवरून दाखवते.

त्याआधी एक गोष्ट. ०.०२ हे उत्तर स्क्रीनवर आले तेव्हाच शंका यायला हवी होती. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर सहसा ०.२ चा एक भाग असतो आणि तुमचे आकडे १६.४ पासून १९.१ पर्यंत पसरले आहेत. अशा आठ आकड्यांवरून सरासरी त्या भागाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत कळणे शक्य नाही. सूत्र चुकले की एक्सेल दर वेळी लाल खूण दाखवत नाही. पहिल्या जागी शून्य किंवा एक लिहिले तर ते #NUM! म्हणते, पण 0.95 त्याच्या दृष्टीने वैध आकडा आहे, म्हणून ते मुकाट्याने उत्तर देते.

आता योग्य सूत्र असे:

```
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(B2:B9),COUNT(B2:B9))
```

याचे उत्तर ०.७८ येते. हा संपूर्ण पट्टा नसून सरासरीच्या एका बाजूची रुंदी आहे, म्हणून ती एकदा वजा करायची आणि एकदा मिळवायची. पट्टा १६.९७ ते १८.५३ असा निघतो. हे उत्तर आतून कसे तयार होते ते एकदा हाताने करून पाहिले की भीती राहत नाही. तुमच्या आठ आकड्यांचे प्रमाण विचलन ०.९३५ आहे. त्याला आठच्या वर्गमुळाने, म्हणजे २.८२८ ने भागले की ०.३३१ मिळते. आठ आकडे आहेत म्हणून टीच्या तक्त्यात सातची ओळ पाहायची. तिथे ९५ टक्क्यांसाठी २.३६५ आहे. दोन्हींचा गुणाकार केला की ०.७८. पडताळा हवा असेल तर हे सूत्रही तेच उत्तर देईल:

```
=T.INV.2T(0.05,7)*STDEV.S(B2:B9)/SQRT(8)
```

मित्राला ०.६५ मिळाले, कारण जुने CONFIDENCE २.३६५ च्या जागी नेहमी १.९६ धरते. हा १.९६ फक्त तेव्हा योग्य ठरतो, जेव्हा संपूर्ण बागेचे खरे प्रमाण विचलन तुम्हाला आधीच ठाऊक असते. तुम्हाला ते ठाऊक नाही. तुम्ही तेही त्याच आठ झाडांवरून काढले आहे, आणि आठ झाडांवरून काढलेले विचलन कधी खऱ्यापेक्षा बरेच लहान निघते, कधी मोठे. हा दुसरा अंदाज जमेस धरण्यासाठीच टी आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने हा प्रश्न सोडवला, तो अशाच मोजक्या नमुन्यांसाठी. त्यामुळे तीस या आकड्यात जादू नाही. विचलन नमुन्यातूनच काढले असेल तर शंभर आकड्यांनाही टीच वापरावा. तिथे दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात, इतकेच.

आणि आठला फरक पडतोच. `=T.DIST.2T(1.96,7)` घालून पाहा, उत्तर सुमारे ०.०९ येते. म्हणजे मित्राने ९५ टक्के म्हणून जो पट्टा काढला, त्या रीतीने काढलेले पट्टे प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्के वेळाच खऱ्या सरासरीला कवेत घेतात.

आता ‘९५ टक्के झाडे या पट्ट्यात आहेत’ या विधानाबद्दल. १६.९७ ते १८.५३ हा पट्टा समोर ठेवून तुमची आठ झाडे त्यात मोजा. १७.२, १७.५, १८.० आणि १८.४ एवढी चारच आत आहेत. उरलेली चार बाहेर आहेत. निम्मी झाडे बाहेर असूनही हिशोबात काही चूक नाही, कारण हा पट्टा झाडांचा नसून सरासरीचा आहे. एखाद्या नव्या झाडाचा आकडा कुठे पडेल हे विचाराल, तर त्याचा पट्टा याच आकड्यांवरून साधारण १५.४ ते २०.१ असा येतो. व्यापाऱ्याला सरासरी हवी आहे की कोणताही घड १७ च्या खाली नको आहे, हे आधी विचारून घ्या. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

दत्ताराम

पट्ट्यात चारच झाडे पडतात हे मी मोजून पाहिले आणि माझे विधान मागे घेतो. मी इतकी वर्षे हा अर्थ चुकीचा धरून चाललो होतो. मग ९५ टक्के हे नक्की कशाचे, हे मात्र अजून मनात बसत नाही. खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे म्हणावे का?

रेवती सं.

सांख्यिकीच्या रूढ मांडणीत ते ९५ टक्के रीतीचे आहेत. याच बागेतून पुन्हा पुन्हा आठ-आठ झाडे निवडून दर वेळी असाच पट्टा काढला, तर त्यातले सुमारे ९५ टक्के पट्टे खऱ्या सरासरीला धरतील. आपल्या हातातला हा एक पट्टा धरणाऱ्यांपैकी आहे की सुटणाऱ्यांपैकी, ते त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. बोलताना लोक तुम्ही म्हणता तसे म्हणतात आणि त्याने बागेच्या व्यवहारात नुकसान होत नाही. झाडे आणि सरासरी यांची गल्लत मात्र खरे नुकसान करते.

बागायती

रेवतीताई, मनापासून आभार. पण आता माझी अडचण वाढली आहे. खालचे टोक १६.९७ आले, म्हणजे अवघ्या ०.०३ ने १७ च्या खाली.

मी वर एक गोष्ट लिहिली नव्हती. झाडागणिक जो एक आकडा दिला आहे, तो तीन मण्यांची सरासरी आहे. प्रत्येक घडाच्या वरच्या पाकळीतला एक, मधला एक आणि शेंड्याचा एक असे मणी मी वेगवेगळे तपासले होते. म्हणजे माझ्याकडे खरे तर २४ नोंदी आहेत. त्या सगळ्या एका रकान्यात घातल्या तर प्रमाण विचलन १.०२ येते, आणि CONFIDENCE.T मध्ये 24 लिहिले की उत्तर ०.४३ मिळते. सरासरी तीच १७.७५ राहते आणि खालचे टोक थेट १७.३२ होते. मेहनत २४ मण्यांची केली आहे, तर २४ लिहायला हरकत नसावी ना?

रेवती सं.

हरकत आहे, आणि माझ्या अनुभवात लहान नमुन्यांच्या हिशोबातली सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण ती करताना माणूस प्रामाणिक असतो.

CONFIDENCE.T ला तिसऱ्या जागी जो आकडा देता, तो स्वतंत्र नमुन्यांचा असावा लागतो. एका झाडाचे तीन मणी एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. ते झाड उन्हातल्या ओळीत असेल तर तिन्ही गोड निघतील. त्याच्यावर घडांची गर्दी असेल तर तिन्ही मागे राहतील. तिसऱ्या मण्याने तुम्हाला त्या झाडाबद्दल थोडे अधिक सांगितले, बागेतल्या नवव्या झाडाबद्दल काहीच सांगितले नाही. टोकाचे उदाहरण घ्या. एकाच झाडाचे शंभर मणी तपासून तिथे 100 लिहिले असते, तर पट्टा फारच बारीक आला असता, पण तो त्या एका झाडाचा असता.

तुमच्याच नोंदींत याची खूण दिसेल. प्रत्येक झाडाच्या तीन मण्यांचे आपसातले विचलन काढा आणि आठ झाडांच्या सरासऱ्यांतल्या विचलनाशी ताडून पाहा. तुम्ही दिलेल्या दोन विचलनांवरून हिशोब केला, तर एका झाडाच्या आतले विचलन सरासरी ०.५९ च्या आसपास येते, तर झाडाझाडांतले ०.९३५ आहे. झाडे एकसारखी असती आणि फरक फक्त मण्यामण्यांत असता, तर तीन मण्यांच्या सरासऱ्या ०.५९ भागिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे ०.३४ एवढ्याच पसरल्या असत्या. त्या जवळजवळ पावणेतीन पट पसरल्या आहेत. म्हणजे फरक झाडाझाडांत आहे, आणि नमुन्याचा आकार आठच आहे.

तुमची मेहनत मात्र वाया गेलेली नाही. घडाचा शेंडा सहसा वरच्या भागापेक्षा मागे असतो, त्यामुळे तीन जागांचे मणी घेतल्याने झाडाचा आकडा अधिक खरा झाला. तो फायदा ०.९३५ मध्ये आधीच जमा आहे.

साइटवरचा

माझा प्रश्न याच विषयावर आहे. मी पुण्यात बांधकामावर काम करतो. आम्ही स्लॅबच्या काँक्रीटचे तीन क्यूब भरतो आणि २८ दिवसांनी ते दाबयंत्रावर फोडून ताकद पाहतो. गेल्या वेळी २७.१, २९.४ आणि २८.० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आले. सरासरी २८.१७ आहे आणि एम-२५ साठी ते पुरेसे आहे असे मी धरतो. वर वाचून मी CONFIDENCE.T घातले तर उत्तर २.८८ आले. म्हणजे पट्टा २५.२९ ते ३१.०५ झाला. क्यूब तर एकमेकांच्या इतके जवळ आहेत. मग पट्टा एवढा रुंद का? आणि खालचे टोक २५ च्या वर असल्यामुळे संपूर्ण स्लॅब पास झाला असे लिहून द्यावे का?

रेवती सं.

पट्टा रुंद आहे, कारण तीन आकडे आहेत. तीन आकड्यांसाठी टीच्या तक्त्यात दोनची ओळ पाहावी लागते आणि तिथे ४.३०३ आहे. इथे १.९६ वापरले असते तर १.३१ एवढाच पट्टा आला असता आणि तो ९५ ऐवजी फक्त ८१ टक्के वेळा खरा ठरला असता. नमुना जितका लहान, तितकी या दोन सूत्रांतली दरी मोठी होत जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नाही असे आहे. तुमचे तीन क्यूब एकाच ठिकाणी घेतलेल्या एकाच काँक्रीटचे असतील, तर ते बागायती यांच्या एका घडातल्या तीन मण्यांसारखे आहेत. ते त्या घमेल्याबद्दल सांगतात. दुपारनंतर आलेल्या गाडीत पाणी जास्त पडले असेल तर त्यांना ते ठाऊक नाही. शिवाय काँक्रीट स्वीकारण्याचा निर्णय आयएस ४५६ मधल्या निकषांनी होतो. त्यात तीन क्यूबच्या सरासरीला एक नमुना धरतात आणि एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तो नमुना ग्राह्य धरत नाहीत. ती पद्धत या पट्ट्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून दाखल्यात हा पट्टा लिहू नका.

साइटवरचा

समजले. म्हणजे तीन क्यूब हा माझा एक आकडा झाला. वेगवेगळ्या दिवसांच्या ओतकामाचे असे आकडे मी जमवून ठेवले आहेत. त्यांवर हे सूत्र चालवून पाहतो. निकषाचे पान वरिष्ठांकडून मागवून घेतो.

जोगळेकर काका

मी औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात बत्तीस वर्षे काढली आहेत. रेवतीबाईंचे विवेचन उत्तम आहे, पण त्यांनी बागायतींचा मूळ प्रश्न सोडवलेला नाही असे मला वाटते.

व्यापारी विचारतो आहे ते एवढेच, की सरासरी किमान १७ आहे का. साखर २० निघाली तर त्याची काही तक्रार नाही. मग वरच्या टोकाला अडीच टक्के चूक राखून ठेवायची कशाला? सगळी पाच टक्के चूक खालच्या बाजूला ठेवावी. एक्सेलमध्ये त्यासाठी वेगळे सूत्र नाही, पण पहिल्या जागी दुप्पट आकडा दिला की काम होते.

```
=AVERAGE(B2:B9)-CONFIDENCE.T(0.10,STDEV.S(B2:B9),8)
```

CONFIDENCE.T चे उत्तर ०.६३ येते आणि खालची मर्यादा १७.१२ निघते. म्हणजे ९५ टक्के विश्वासाने सरासरी १७.१२ च्या वर आहे असे म्हणता येते. आमच्याकडे किमान प्रमाणाचा प्रश्न असला की आम्ही असाच एका बाजूचा हिशोब करत असू. बागायतींनी गाडी बोलवावी.

रेवती सं.

काका, सूत्र बरोबर आहे आणि किमान मर्यादेच्या प्रश्नाला एका बाजूचा हिशोब शोभतो, हेही मान्य आहे. माझा आक्षेप वेळेला आहे. दोन्ही बाजूंचा पट्टा काढला, खालचे टोक १६.९७ आले, ते अडचणीचे ठरले, आणि मग एका बाजूचा हिशोब सुचला. आकडे पाहून हिशोबाची रीत निवडली, तर ९५ टक्क्यांची हमी उरत नाही. खालचे टोक १७.१ आले असते तर आपण कोणीही एका बाजूचा विषय काढला नसता. तुमच्या कारखान्यात ही रीत चाचणीपूर्वी कागदावर लिहिलेली असणार. इथे ती लिहिलेली नव्हती.

जोगळेकर काका

कागदावर नसेल, पण व्यापाऱ्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एका बाजूचाच होता. ‘किमान १७’ हे शब्द धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आहेत. रीत प्रश्नातून ठरते, ती कोणी उशिरा उच्चारली म्हणून बदलत नाही. दोन्ही बाजूंचा पट्टा काढणे हीच इथे पहिली चूक होती, असे माझे मत आहे.

नीरजा

तुमच्या चर्चेत मधे बोलते आहे, क्षमस्व. मी फळप्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे आणि दिवसभर रिफ्रॅक्टोमीटरच हाताळते. बागायतीदादा, तुम्ही मोजणी सुरू करण्यापूर्वी यंत्राचे शून्य तपासले होते का? काचेवर शुद्ध केलेल्या पाण्याचे दोन थेंब टाका, झाकण दाबा, हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते पाहा, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा नेमकी कुठे आहे ते वाचा. ती शून्यावर नसेल तर तुमचे सगळेच आकडे तेवढ्याने सरकलेले आहेत. नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नका. दोन मोजण्यांच्या मधे काच नीट पुसली नाही, तर आधीच्या मण्याचा रस पुढच्यात मिसळतो, तेही बघा.

बागायती

नीरजाताई, मी शून्य तपासले नव्हते. आत्ता औषधाच्या दुकानातून शुद्ध पाण्याची बाटली आणून पाहिले. रेषा शून्याच्या वर, पहिल्या बारीक खुणेवर आहे, म्हणजे ०.२ वर. तीन वेळा पुसून पाहिले, तिन्ही वेळा तेच आले. काच पुसण्याची काळजी मात्र मी घेतली होती.

रेवती सं.

नीरजा यांचे आभार मानले पाहिजेत, कारण मी आणि काका ज्यावर वाद घालत होतो त्या वादापेक्षा ही एक बारीक खूण मोठी निघाली.

प्रत्येक आकड्यातून ०.२ वजा करा. सरासरी १७.५५ होते. आता CONFIDENCE.T पुन्हा चालवून पाहा, उत्तर पूर्वीइतकेच ०.७८ येईल. सगळे आकडे एकाच अंतराने सरकले तर त्यांचा पसारा बदलत नाही आणि हे सूत्र फक्त पसारा पाहते. यंत्र चुकीचे असले किंवा आठही झाडे बांधाकडच्या एकाच ओळीतली असली, तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. तुमची आठ झाडे कुठली होती, तेही सांगा.

दुरुस्तीनंतर दोन्ही बाजूंचा पट्टा १६.७७ ते १८.३३ होतो. काकांच्या रीतीने खालची मर्यादा १६.९२ येते. म्हणजे आता दोन्ही रीतींनी एकच उत्तर मिळते, की सरासरी १७ च्या वर असण्याची शक्यता चांगली आहे, पण या आठ झाडांवरून तसे ठामपणे लिहून देता येत नाही.

जोगळेकर काका

या आकड्यांपुरते मला मान्य आहे. गाडी बोलवा असे मी म्हणालो होतो, ते घाईचे होते. यंत्राचा दाखला मागितल्याशिवाय मी कारखान्यात एकही आकडा वाचला नसता, आणि इथे मात्र मी तो विचारायला विसरलो. एका बाजूच्या हिशोबाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

बागायती

झाडे मी प्लॉटच्या पायवाटेजवळच्या दोन ओळींतून घेतली होती, कारण तिथे घमेले आणि यंत्र ठेवायला सोपे जाते. प्लॉटमध्ये एकूण ४२ ओळी आहेत. पायवाटेजवळच्या ओळींना ऊन जास्त मिळते, हे आता लिहिताना लक्षात येते आहे.

परवा पुन्हा नमुने घेतो. किती झाडे घ्यावीत? आणि ही जुनी आठ झाडे ०.२ वजा करून नव्यांत मिसळली तर चालतील का, म्हणजे तेवढे कष्ट वाचतील?

रेवती सं.

जुनी मिसळू नका. पहिले कारण, ती दोनच ओळींतली आहेत. दुसरे कारण, काढणीच्या तोंडावर मण्यांत साखर भरत असते, त्यामुळे त्या दिवशीची बाग आणि परवाची बाग यांची सरासरी एकच धरता येणार नाही.

किती झाडे, याचा अंदाज याच सूत्राने बांधता येतो. जुने विचलन ठेवून तिसऱ्या जागी वेगवेगळे आकडे घालत जा:

```
=CONFIDENCE.T(0.05,0.935,16)
```

सोळा झाडांना उत्तर ०.५० येते. पंधराला ते ०.५२ असते. आठची सोळा झाडे केली म्हणजे पट्टा निम्मा होत नाही, हे ध्यानात असू द्या. शिवाय हा अंदाजच आहे. सगळ्या ओळींतून झाडे घेतल्यावर विचलन ०.९३५ पेक्षा जास्त निघण्याची शक्यता मला वाटते, कारण सावलीतल्या ओळीही त्यात येतील. जमल्यास वीस झाडे घ्या.

ओळ निवडण्यासाठी `=RANDBETWEEN(1,42)` वापरा आणि आलेले आकडे लगेच कागदावर उतरवून घ्या, कारण शीट हलली की ते बदलतात. ओळीतले झाडही असेच आकड्याने ठरवा. चांगला दिसणारा घड हाताला लागतो, ते टाळण्याचा मला दुसरा उपाय माहीत नाही.

नीरजा

घड काढताना वेळही सारखी ठेवा. आणि तीन मण्यांचा रस एकत्र करून एकदाच वाचला तरी चालेल. तुम्हाला झाडाचा एकच आकडा हवा आहे, त्यामुळे वीस झाडांसाठी साठ वेळा काच पुसावी लागणार नाही.

दत्ताराम

एक छोटी भर घालतो. मी माझ्या जुन्या फाइली उघडून पाहिल्या, तर दोन ठिकाणी 18.4 हा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला होता आणि खान्यात डावीकडे चिकटला होता. STDEV.S त्याला मोजत नव्हते, पण मी तिसऱ्या जागी हाताने 8 लिहिलेले असल्यामुळे सूत्र आठच धरत होते. रेवतीताईंनी COUNT वापरले आहे ते तसेच ठेवा, म्हणजे निदान दोन्हीकडे एकच संख्या मोजली जाईल आणि सात आली तर लगेच कळेल.

बागायती

ठरले. वीस झाडे, ओळी आकड्याने निवडलेल्या, शून्य सकाळी आणि संपल्यावर असे दोनदा तपासायचे, झाडाला एक आकडा. व्यापाऱ्याशी फोनवर बोललो. त्याला सरासरीच हवी आहे, प्रत्येक घडाचे त्याला काही नाही. राहिला प्रश्न एका बाजूचा की दोन बाजूंचा. या वेळी मोजणीच्या आधीच ठरवून वहीत लिहायचे आहे, म्हणून दोघांनाही पुन्हा विचारतो.

जोगळेकर काका

एका बाजूचा. 0.10 लिहा आणि फक्त खालची मर्यादा वाचा.

रेवती सं.

आधी लिहून ठेवत असाल तर माझा आक्षेप राहत नाही, काकांचे ऐका. मी स्वतः मात्र दोन्ही टोके लिहिली असती, कारण वरचे टोक व्यापाऱ्याच्या उपयोगाचे नसले तरी काढणी आणखी चार दिवस थांबवायची की नाही हे ठरवताना ते तुमच्या उपयोगाचे आहे.

जोगळेकर काका

मग वहीत दोन ओळी लिहा. व्यापाऱ्यासाठी 0.10 ची खालची मर्यादा, स्वतःसाठी 0.05 चा पूर्ण पट्टा, आणि व्यापाऱ्याला कोणती ओळ दाखवणार ते आजच्या तारखेने लिहून ठेवा.